भंगारवाल्याचा जीएसटी कारखानदाराने का भरायचा?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम फाउंड्रीचा महिना डोळ्यांसमोर आणू या. भट्टीत टाकायला पिग आयर्न मोठ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून येतं. त्याचं जीएसटीसह पक्कं बिल मिळतं आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट आपोआप पोर्टलवर दिसतं. पण भट्टीचा काही भाग कटिंग आणि बोरिंगच्या भंगारावर चालतो. ते भंगार गावागावांतून गोळा करणारे छोटे भंगारवाले टेम्पोने आणून टाकतात. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नसतो. वजनकाट्याची पावती आणि वहीच्या पानावर लिहिलेला हिशेब, एवढाच काय तो कागद. शिवाय मागच्या बाजूचा पॅटर्न ठेवायचा गाळा भाड्याचा. त्याचे मालक निवृत्त गृहस्थ, तेही नोंदणी नसलेले.

या दोन्ही खरेद्यांवर सरकारला जीएसटी हवा आहे, आणि तो फाउंड्रीने भरायचा आहे. नेहमीच्या व्यवहारात विकणारा बिलात कर लावतो, घेणाऱ्याकडून वसूल करतो आणि सरकारकडे भरतो. इथे ही जबाबदारी उलटी फिरते. विकणारा फक्त मालाची किंमत घेतो, आणि कर घेणारा स्वतः थेट सरकारकडे भरतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. व्यापाऱ्यांच्या आणि सीएंच्या तोंडी तो आरसीएम असतो.

या विषयातला सगळ्यात मोठा गोंधळ जुन्या आठवणीतून आलेला आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा कायद्याच्या कलम ९(४) मध्ये सरसकट तरतूद होती, की नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने काहीही घेतलं तर त्यावर रिव्हर्स चार्ज. दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतच्या खरेदीला तेवढी सूट होती. त्या तीन-साडेतीन महिन्यांत चहा, स्टेशनरी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांच्या खर्चाची रोजची बेरीज करत हिशेबनीस बसले होते. १३ ऑक्टोबर २०१७ पासून ही तरतूद स्थगित झाली. मग मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून कलमच बदललं. आता ९(४) फक्त सरकार ज्यांची नावं जाहीर करेल अशा वर्गांना लागू होतं. असा वर्ग बांधकाम प्रकल्पांच्या प्रवर्तकांचा, म्हणजे बिल्डरांचा. त्यांनी प्रकल्पासाठीच्या खरेदीपैकी किमान ८० टक्के नोंदणीकृतांकडून घ्यायची असते, आणि कमी पडलेल्या भागावर कर भरायचा असतो.

तुम्ही बिल्डर नसाल, तर समोरचा नोंदणीकृत नाही एवढ्याच कारणाने तुमच्यावर कर येत नाही. अजूनही अनेक ठिकाणी 'नोंदणी नाही म्हणजे आरसीएम' असा नियम समजून गावच्या सुताराच्या किंवा रंगाऱ्याच्या बिलावर कर भरला जातो. याच्या उलट दुसरी चूकही तितकीच दिसते. २०१९ ला आरसीएम संपला, असं समजून भंगार आणि भाड्यावरचा कर वर्षानुवर्षं भरलाच जात नाही.

पहिला प्रश्न 'कोणाकडून घेतलं?' हा नसून 'काय घेतलं?' हा आहे. कलम ९(३) खाली सरकारने काही वस्तू आणि सेवांची यादी जाहीर केली आहे. खरेदी त्या यादीत असेल, आणि यादीत त्या वस्तूपुढे लिहिलेल्या अटी जुळत असतील, तरच रिव्हर्स चार्ज लागतो. अटी प्रत्येक ओळीत वेगळ्या आहेत. कच्चा, न सोललेला काजू शेतकऱ्याकडून घेतला तर कर घेणाऱ्यावर येतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांना हे रोजचं आहे. जिनिंगवाल्यांना तसंच शेतकऱ्याच्या कच्च्या कापसाबद्दल. मालवाहतूकदाराने बिल्टी दिली असेल, आणि त्याने स्वतः कर आकारायचा पर्याय घेतला नसेल, तर त्याच्या भाड्यावर रिव्हर्स चार्ज येतो. वकिलांची फी, कंपनी नसलेल्या एजन्सीकडून घेतलेले सुरक्षारक्षक, हेही यादीत आहेत. या सेवांमध्ये समोरचा नोंदणीकृत आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही.

नोंदणी नसलेल्यांकडून घेणाऱ्या सर्वसाधारण व्यवसायाला मात्र आज दोन ओळी सगळ्यात जास्त भिडतात, आणि दोन्ही एकाच तारखेपासून, म्हणजे १० ऑक्टोबर २०२४ पासून आल्या. एक धातूचं भंगार. नोंदणी नसलेल्या माणसाने नोंदणीकृत व्यक्तीला ते विकलं, तर कर घेणाऱ्याने भरायचा. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, शिसं, जस्त असं धातूचंच भंगार यात येतं. रद्दी, पुठ्ठा, प्लास्टिकचं भंगार यात नाही. दुसरी ओळ व्यापारी जागेच्या भाड्याची. गाळा, दुकान, गोदाम, ऑफिस नोंदणी नसलेल्या मालकाकडून भाड्याने घेतलं आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा कर भाडेकरूने भरायचा. राहत्या घराबद्दल असा नियम त्याआधीच, १८ जुलै २०२२ पासून आहे. कामगारांसाठी फ्लॅट घेतला, किंवा फ्लॅटमध्येच ऑफिस थाटलं, तर तो लागतो. एकट्या मालकाच्या व्यवसायात मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी स्वतःच्या नावावर घर घेतलं असेल आणि त्याचा व्यवसायाच्या हिशेबाशी संबंध नसेल, तर नाही.

सरकारने भंगारासाठी हा मार्ग का धरला हे समजलं, की पुढचं सोपं जातं. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही. भंगार गोळा करणारे हजारो लोक या मर्यादेच्या आत असतात. त्यांच्या मागे लागून कर गोळा करणं शक्य नाही. उलट भंगार शेवटी जिथे पोचतं तो कारखाना नोंदणीकृत असतो, त्याची विवरणपत्रं दर महिन्याला जातात आणि त्याचा पत्ता बदलत नाही. म्हणून कर तिथे बसवला. मात्र भंगारवाल्याची उलाढाल ४० लाखांवर गेली, की त्याला नोंदणी घ्यावीच लागते. मग तो नेहमीसारखा बिलात जीएसटी लावतो आणि रिव्हर्स चार्ज थांबतो. त्या टप्प्यावर वेगळी गोष्ट सुरू होते. करार अडीच लाखांवरचा असेल, तर घेणाऱ्याने पैसे देताना २ टक्के जीएसटी टीडीएस कापायचा असतो, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. म्हणजे तुमचा भंगारवाला नोंदणीकृत झाला की सुटलो असं नाही, तुमची प्रक्रिया बदलते.

आता आपल्या फाउंड्रीचा एक महिना आकड्यांत पाहू. आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत. तीन भंगारवाल्यांकडून मिळून ५ टन कटिंग घेतलं, ३६ रुपये किलोने, म्हणजे १,८०,००० रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी ३२,४०० रुपये कर. गाळ्याचं भाडं ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी ५,४००. एकूण रिव्हर्स चार्ज ३७,८०० रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, म्हणजे १८,९०० आणि १८,९००. भंगारवाल्याला १,८०,००० रुपये पूर्ण द्यायचे. कर त्या किमतीतून कापायचा नाही, तो किमतीच्या वर तुमच्या खिशातून जातो. भाड्याचंही तसंच.

त्याच महिन्यात फाउंड्रीने १२ लाखांचं कास्टिंग विकलं. त्यावरचा कर २,१६,००० रुपये. पिग आयर्न, कोक, वाळू वगैरे इतर खरेदीवरचं क्रेडिट १,५०,००० रुपये आहे. रिव्हर्स चार्ज नसता, तर फाउंड्रीने उरलेले ६६,००० रुपये भरले असते. आता आधी ३७,८०० रुपये रिव्हर्स चार्जचे भरायचे. ते भरले की तेवढंच क्रेडिट मिळतं, म्हणून एकूण क्रेडिट १,८७,८०० होतं. विक्रीवरच्या २,१६,००० मधून ते वजा केलं तर २८,२०० रुपये उरतात. ३७,८०० आणि २८,२०० मिळून पुन्हा ६६,०००. म्हणजे चांगल्या महिन्यात रिव्हर्स चार्जने फाउंड्रीच्या खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही.

फरक पडतो तो मंदीच्या महिन्यात. विक्री ६ लाखांवर आली असं धरा. विक्रीवरचा कर १,०८,००० आणि क्रेडिट १,५०,०००. सीए फोनवर सांगतात, या महिन्यात भरायचं काही नाही, ४२,००० पुढे जातील. आणि तरीही ३७,८०० रुपये रोख भरावेच लागतात. कारण कायद्यात रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून भरता येत नाही. तो रोकड खातेवहीतूनच, म्हणजे बँकेतून चलन काढूनच भरायचा. भरल्यावर तो क्रेडिटमध्ये जमा होतो, पण त्या महिन्यात उपयोगी पडत नाही. क्रेडिट ४२,००० ऐवजी ७९,८०० होऊन पुढच्या महिन्यात जातं. खातेवहीत भरपूर क्रेडिट दिसतंय म्हणून व्यापारी निर्धास्त राहतात आणि २० तारखेला विवरणपत्र भरताना पोर्टल पैसे मागतं, ते यामुळे. ज्यांच्याकडे क्रेडिट नेहमी साचून राहतं, त्यांच्यासाठी रिव्हर्स चार्ज म्हणजे खेळतं भांडवल अडकणं. भंगाराच्या सौद्यात किलोमागे पन्नास पैशांची घासाघीस करणाऱ्याने हा हिशेबही धरायला हवा.

ज्यांना क्रेडिटच मिळत नाही, त्यांची परिस्थिती याहून कठीण. रेस्टॉरंट ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण त्या बदल्यात त्याला खरेदीवरचं क्रेडिट घेता येत नाही. पुण्यातल्या एखाद्या रेस्टॉरंटचं दुकानभाडं महिना ५०,००० रुपये असेल आणि घरमालक नोंदणी नसलेला असेल, तर दरमहा ९,००० रुपये सरळ खर्चात जातात. वर्षाला १,०८,०००. मालकाने नोंदणी घेतली तरी त्याच्या बिलात १८ टक्के येतीलच, म्हणून तो मार्ग नाही. भाडेकरार करताना हे ९,००० धरून भाडं ठरवणं एवढंच हातात असतं. करमुक्त सेवा देणाऱ्यांचंही तसंच. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्यांना मात्र व्यापारी भाड्याच्या रिव्हर्स चार्जमधून १६ जानेवारी २०२५ पासून वगळलं आहे. भंगाराला ही सूट नाही. कंपोझिशनवाल्याने भंगार घेतलं तर कर पूर्ण दराने भरायचा आणि क्रेडिट मिळत नाही.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण नंतरच्या बहुतेक नोटिसा इथे अडकतात. भंगारवाला जीएसटीचं बिल देऊ शकत नाही, कारण त्याला नंबरच नाही. म्हणून घेणाऱ्यानेच स्वतःच्या नावाने बिल करायचं. याला सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. त्यावर तुमचा स्वतःचा वेगळा अनुक्रमांक, तारीख, भंगारवाल्याचं नाव-पत्ता, मालाचं वर्णन आणि एचएसएन कोड, वजन, किंमत, कराचा दर आणि रक्कम हे सगळं हवं, आणि कर रिव्हर्स चार्जने भरायचा आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हे बिल माल किंवा सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत करणं बंधनकारक आहे. पैसे देताना त्याला पेमेंट व्हाउचर द्यायचं. वजनकाट्याची पावती आणि बँकेतून दिलेल्या पैशाची नोंद या बिलाला टाचून ठेवली, की तपासणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न जो विचारतो, म्हणजे हा माल खरंच आला का, त्याचं उत्तर त्याच फाइलमध्ये मिळतं. महिन्याच्या शेवटी एकदम बसून आठवणीतून बिलं करण्याची सवय इथे फार घातक आहे, कारण वजनाचे आकडे काट्याच्या पावतीशी जुळत नाहीत.

कर कधीचा धरायचा, हेही वस्तू आणि सेवेत थोडं वेगळं आहे. भंगारात माल आल्याची तारीख, पैसे दिल्याची तारीख आणि विकणाऱ्याच्या बिलाच्या तारखेपासूनचा ३१वा दिवस, यातली जी आधी येईल ती. म्हणून भंगारवाल्याला दिवाळीच्या आधी ॲडव्हान्स म्हणून ५०,००० दिले आणि माल पुढच्या महिन्यात आला, तरी त्या ५०,००० वरचा कर पैसे दिले त्या महिन्याचा. भाड्यात पैसे दिल्याची तारीख किंवा तुम्ही सेल्फ इनव्हॉइस केल्याची तारीख, यातली आधीची. भाडं सहा महिने थकवलं म्हणून कर थांबत नाही, कारण सेल्फ इनव्हॉइस ३० दिवसांत करायचंच आहे. परत मिळणारी अनामत रक्कम मात्र भाडं नव्हे, तिच्यावर कर नाही.

विवरणपत्रात हा कर GSTR-3B च्या 3.1(d) या ओळीत दाखवायचा आणि त्याचं क्रेडिट 4A(3) मध्ये घ्यायचं. दोन्ही ओळींचे आकडे एकाच महिन्यात सहसा सारखे असले पाहिजेत. 4A(3) मध्ये आकडा आहे आणि 3.1(d) रिकामी, असं असेल तर न भरलेल्या कराचं क्रेडिट घेतल्यासारखं होतं. दोन्हींचा ताळा पोर्टल स्वतः ठेवतं. २०२४ च्या ऑगस्टपासून तिथे RCM Liability/ITC Statement नावाचं खातं आहे, आणि क्रेडिट भरलेल्या करापेक्षा जास्त दिसलं तर ते इशारा देतं. आपल्या खातेवहीतलं भंगाराच्या आणि भाड्याच्या खर्चाचं खातं काढून त्याच्या १८ टक्क्यांशी वर्षभरातला 3.1(d) चा आकडा ताडून पाहिला, तर चूक कुठे आहे ते तासाभरात कळतं.

एक सावधगिरी. भंगारवाल्याने छापील बिल दिलं आणि त्यावर जीएसटी नंबर आहे, तरी तो नंबर पोर्टलवर Search Taxpayer मध्ये टाकून पाहावा. विवरणपत्रं न भरल्यामुळे रद्द झालेले नंबर बिलावर छापलेले राहतात. अशा बिलावर तुम्ही त्याला १८ टक्के देऊन बसता, त्याचं क्रेडिट मिळत नाही, आणि तो नोंदणी नसलेलाच असल्यामुळे रिव्हर्स चार्जचा करही तुमच्यावर येतो. एकाच मालावर दोनदा पैसे जातात.

आणि ज्यांच्या लक्षात उशिरा आलं त्यांचं काय? समजा एका फाउंड्रीने एप्रिल २०२५ पासून गाळ्याच्या ३०,००० भाड्यावर कर भरलाच नाही, आणि मार्च २०२६ मध्ये सीएंनी ते दाखवून दिलं. फेब्रुवारीचा कर वेळेत भरता येईल. एप्रिल ते जानेवारीच्या दहा महिन्यांचे ५,४०० प्रमाणे ५४,००० रुपये व्याजासह २० मार्चला भरावे लागतील. व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे ५,४०० वर महिन्याला ८१ रुपये. एप्रिलचा कर २० मे रोजी भरायचा होता, तो दहा महिने उशिरा, मेचा नऊ, असं जानेवारीपर्यंत एक. सगळं मिळून ४,४५५ रुपये. ५४,००० क्रेडिट म्हणून परत मिळतील, व्याज मिळणार नाही. विभागाने २६ जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे, की नोंदणी नसलेल्याकडून झालेल्या अशा खरेदीच्या क्रेडिटची मुदत ज्या आर्थिक वर्षात सेल्फ इनव्हॉइस केलं त्या वर्षावरून मोजायची. त्यामुळे जुनी चूक सुधारताना क्रेडिट बुडण्याची भीती कमी आहे. उशिराच्या बिलाबद्दल दंडाची शक्यता मात्र परिपत्रकाने मोकळी ठेवली आहे. नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलं तर अधिकाऱ्यासमोरची बाजू बरीच हलकी होते, म्हणून हे दहा महिन्यांचं काम पुढच्या ऑडिटसाठी न ठेवता त्याच महिन्याच्या GSTR-3B मध्ये उरकावं.